वार एकच पडली, म्हणून जुळं एकसारखं?

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, कापूस वेचणीचे दिवस. पहाटे अडीचला 102 ची गाडी आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या दारात लागली. आतली बाई 25 वर्षांची, दुसरं बाळंतपण, पोटात जुळं, दिवस साधारण 36 आठवड्यांचे. खरं तर तिला जिल्ह्याला जायचं होतं. जुळ्याचं बाळंतपण आम्ही शक्यतो इथं ठेवत नाही. पण तपासलं तेव्हा पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं होतं आणि पहिल्या बाळाचं डोकं खाली आलं होतं. पुढं 50 किलोमीटरचा खड्ड्यांचा रस्ता होता आणि बाळंतपण गाडीत झालं असतं. म्हणून इथंच घेतलं.

सोबत सासू होती आणि सासूच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला सोनोग्राफीचा कागद. सातव्या महिन्यात काढलेली, गरोदरपणातली पहिलीच सोनोग्राफी. त्यावर लिहिलेलं होतं: जुळा गर्भ, वार एकच, मोनोकोरिऑनिक. त्या शब्दामुळं या घरानं दोन महिने धास्तीत काढले होते. एक वार म्हणजे दोन्ही बाळांचं रक्त एकमेकांत जातं, एक मोठं होतं आणि एक सुकतं, दर पंधरा दिवसांनी नागपूरला दाखवा, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. ते चार फेऱ्या गेले. एका फेरीला नुसत्या गाडीचे दोन-अडीच हजार. वेचणीच्या हंगामात घरची दोन माणसं दिवसभर अडकायची ते वेगळंच.

मोनोकोरिऑनिक जुळं असेल तर ही देखरेख रास्तच आहे. अशा शंभर जुळ्यांत दहा-पंधरा ठिकाणी रक्ताची देवाणघेवाण एकतर्फी होते आणि वेळेवर कळलं नाही तर दोन्ही बाळं जाऊ शकतात. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करतात. प्रश्न एवढाच होता, की हे जुळं खरंच तसं होतं का?

पहिली मुलगी 3 वाजून 10 मिनिटांनी झाली, 2.3 किलो, जन्मताच रडली. नाळेला दोन्ही बाजूंनी क्लॅम्प लावूनच कापली. जुळ्यात हे विसरून चालत नाही. वार कोणत्या प्रकारची आहे हे त्या घडीला नक्की नसतं. दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या आत जोडलेल्या असल्या आणि पहिल्या नाळेचं वारेकडचं टोक मोकळं राहिलं, तर आत असलेलं दुसरं बाळ त्या टोकातून रक्त गमावतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, नाळेतून थोडं रक्त ठिबकतंय, ठिबकू दे. ते बाळंतिणीचं नसतं, पोटातल्या बाळाचं असतं.

पहिल्या नाळेच्या वारेकडच्या तुकड्यावर एकच क्लॅम्प ठेवला. दुसऱ्या नाळेवर दोन ठेवायचे, हे सिस्टरांशी आधीच ठरलं होतं. नंतर वार ट्रेमध्ये पडली की कोणती नाळ कोणाची हे आठवणीवर ठेवलं तर हमखास घोळ होतो.

दुसऱ्या बाळाचं डोकं खालीच होतं, ठोके 140, पाणमोट फुगून आलेली. कळ आली तशी मी ती फोडली. पाणी स्वच्छ आलं. 3 वाजून 22 मिनिटांनी दुसरी मुलगी झाली, 1.7 किलो. थोडी निवांत होती, पाठ चोळल्यावर रडली. त्या पाणमोटीकडं मी नंतर परत येणार आहे. तेव्हा मला अंदाजही नव्हता, की टोक मारलं ती जागा कुठं होती.

दोन्ही वजनांतला फरक 600 ग्रॅम, मोठीच्या वजनाच्या 26 टक्के. 20-25 टक्क्यांच्या वर फरक गेला की डोळे उघडतात. एक जाड, एक बारीक, कागदावर मोनोकोरिऑनिक. गोष्ट जुळत होती. इतकी जुळत होती, की तिथंच थांबावंसं वाटावं.

वार पडली ती एकच, मोठी, लांबट गोल. सासूनं दारातून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "म्याडम, जार एकच हाय. मंग पोरी एकसारख्याच निंगतीन ना?"

मी म्हटलं, "आजी, जार मोजून नाही कळत ते. थांबा थोडं."

"काहून नाई? आमच्या आत्याच्या जावळ्याची बी एकच होती."

नव्या सिस्टर पिवळी पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांना सांगितलं, वार फेकू नका, ट्रे धुवायच्या खोलीतल्या ट्यूबलाइटखाली न्या. आजींना जार घरी नेऊन पुरायची होती, तसा त्यांच्याकडं रिवाज आहे. त्यांना समजावलं की एवढ्या वेळी ती आम्हाला तपासायला लागेल. त्या नाराज झाल्या, पण मुलाशी बोलून हो म्हणाल्या.

आधी नाळा. वार साध्या पाण्यात धुतली, गुठळ्या काढल्या आणि बाळाकडची बाजू वर करून ट्रेमध्ये पसरली. या वेळी फॉर्मॅलिन अजिबात घालायचं नाही, त्यानं पडदे कडक होतात आणि सुटत नाहीत.

नाळ म्हणजे आत काय असतं? दोन धमन्या, एक शीर आणि त्यांच्याभोवती व्हार्टन जेली. हा जिलेटिनसारखा गर. सतराव्या शतकातल्या थॉमस व्हार्टन या इंग्रज डॉक्टरच्या नावानं तो ओळखला जातो. चिमटीत धरला तर साबुदाण्याच्या दाट खिरीसारखा बोटांतून निसटतो. हायल्युरॉनिक आम्लानं धरून ठेवलेलं पाणी आणि कोलेजनचे धागे हेच त्याचं मुख्य द्रव्य. बाळानं नाळ दाबली, पिळली, तरी आतल्या वाहिन्या चेपू नयेत म्हणून ही गादी. एक गंमत मात्र लक्षात ठेवण्यासारखी: इथं शुद्ध रक्त शिरेतून येतं आणि अशुद्ध रक्त धमन्यांतून जातं. बाळापासून बाहेर नेते ती धमनी, बाळाकडं आणते ती शीर. शाळेत पाठ केलेलं इथं उलटं होतं. नाळेवर जो गुळगुळीत चकचकीत थर असतो तो ॲम्निऑन, म्हणजे पाणमोटीचा आतला पातळ पडदा. वारेच्या पृष्ठभागावर पसरलेला तोच पडदा नाळेवर चढतो. ही गोष्ट पुढं कामाला येणार आहे.

मोठीची नाळ वारेच्या मधोमध नाही, पण मधल्या भागातच शिरत होती. जाड, गरानं भरलेली, पिळदार. मध्यावर ब्लेडनं आडवी कापली, कापसानं पुसली. शिरेचं तोंड रुंद, भिंत पातळ, कापल्यावर उघडंच राहतं. धमन्या दोन, जाड भिंतीच्या, आकसून पांढरट ठिपक्यांसारख्या वर आलेल्या. हिशेब बरोबर.

छोटीची नाळ हातात घेताच बारीक लागली. करंगळीएवढीही नव्हती, गर कमी. कापली तर शीर एक, आणि ठिपका एकच. दुसरा शोधला, नव्हता. कापण्याची जागा बदलून दोनदा पाहिलं. इथं एक चूक हमखास होते. वारेपासून दोन-तीन सेंटिमीटरच्या आत कापलं तर निरोगी नाळेतही धमनी एकच दिसू शकते, कारण वारेत शिरण्याआधी दोन्ही धमन्या एकमेकींना जोडलेल्या असतात, कधी एकच होतात. म्हणून मोजणी नेहमी त्या टोकापासून चांगली लांब, पाच सेंटिमीटर तरी सोडून, करावी. आम्ही बाळाकडच्या टोकाजवळ मोजलं आणि तिथंही एकच होती. एकच धमनी असणं फारसं दुर्मीळ नाही, शंभर एकेकट्या बाळांत साधारण एखाद्याला असते, जुळ्यांत जास्त. पण अशा बाळाची मूत्रपिंडं आणि हृदय तपासून घेणं शहाणपणाचं. ते कागदावर लिहून ठेवलं.

खरा धक्का नाळेच्या दुसऱ्या टोकाला होता. छोटीची नाळ वारेत शिरतच नव्हती. ती वारेच्या कडेपासून सहा सेंटिमीटर बाहेर पडद्यात संपत होती आणि तिथून वाहिन्या झाडाच्या मुळ्या उघड्या पडाव्यात तशा, कसल्याही गराशिवाय, नुसत्या पडद्याच्या आधारानं वारेपर्यंत धावत होत्या. याला वेलामेंटस इन्सर्शन म्हणतात. जुळ्यांत हे एकेकट्या बाळांपेक्षा बऱ्याच जास्त वेळा आढळतं.

पडद्यातलं एक भोक माझं होतं. पाणमोट मी फोडली ती जागा. फाटलेला पडदा हातानं परत जुळवला, तेव्हा ती जागा त्या उघड्या वाहिन्यांपासून तीन बोटांवर होती. टोक तिकडं लागलं असतं तर वाहिनी फाटली असती. 1.7 किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं किलोमागं 80 मिलीच्या हिशेबानं सुमारे 140 मिली, म्हणजे टपरीवरच्या चहाचे दोन छोटे कप. ते जायला काही मिनिटं पुरतात. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, आता हात थंड पडले. हाताला पडद्यावर ठोका लागतोय का हे न बघता टोक मारू नये, हे शिकवलेलं मी त्या रात्री घाईत केलं नव्हतं.

आता पडद्याकडं. कागदाच्या बाजूनं विचार केला तर सगळं सरळ होतं: वार एक, वजनात फरक, म्हणजे रक्त एकीकडून दुसरीकडं गेलं. पण वार एक दिसते म्हणून ती एकच असते असं नाही. गर्भपिशवीत दोन वारा शेजारी शेजारी रुजल्या आणि वाढता वाढता त्यांच्या कडा भिडल्या, तर बाहेरून एकच थाळी दिसते. शेजारच्या दोन शेतांचे बांध मोडले तर लांबून एकच शेत दिसावं, तसं. खाली कोण कुठं हे बांधाच्या मुळाशी पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. जुळ्यात तो बांध म्हणजे दोन पाणमोटींमधला पडदा.

हा पडदा किती थरांचा आहे, यावर सगळं ठरतं. प्रत्येक बाळाभोवती आत ॲम्निऑन आणि त्याबाहेर कोरिऑन असतं, कोरिऑन म्हणजे वार ज्यातून बनते ते जाड आवरण. दोघांना कोरिऑनही आपापलं असेल तर मधल्या भिंतीत चार थर येतात: ॲम्निऑन, कोरिऑन, कोरिऑन, ॲम्निऑन. कोरिऑन दोघांत सामाईक असेल तर मधे फक्त दोन ॲम्निऑन पाठीला पाठ लावून उभे राहतात. पाणमोटही एकच असेल तर मधे पडदाच नसतो आणि बहुधा नाळा एकमेकींत गुंतलेल्या सापडतात. पण ते क्वचित.

ही गणितं कधी ठरतात तेही इथंच सांगते, कारण पुढं आजींच्या प्रश्नाला ते लागेल. वेगवेगळ्या दोन बीजांपासून झालेल्या जुळ्यांत, म्हणजे दोन भावंडंच एकाच वेळी पोटात, वारा जवळजवळ नेहमी दोन आणि भिंत चार थरांची. एकाच बीजाचे दोन भाग झाले असतील तर कधी झाले यावर अवलंबून. पहिल्या तीन दिवसांत झाले तर कोरिऑन अजून बनलेलं नसतं, म्हणून प्रत्येकाला वेगळं, पुन्हा चार थर. चौथ्या ते आठव्या दिवसात झाले तर कोरिऑन सामाईक, पाणमोटी दोन. त्यापुढं, तेराव्या दिवसापर्यंत, पाणमोटही एकच. त्यानंतर विभागणी पुरी होत नाही आणि बाळं जोडलेली राहतात.

सुदैवानं आमचा पडदा पूर्ण फाटून वाया गेला नव्हता. योनीमार्गातून बाळंतपण झालं की तो बहुतेक वेळा फाटतो आणि नवशिकी माणसं म्हणतात, पडदा नव्हता. तेव्हा वारेच्या पृष्ठभागावर त्याच्या मुळाची रेघ शोधायची. आमच्या वारेत ती रेघ स्पष्ट होती, मधे जराशी वाकडी जाणारी, छोटीच्या बाजूला झुकलेली. रेघेवर बोट फिरवलं तर कड लागत होती.

पडद्याचं मोकळं टोक धरून ट्यूबलाइटसमोर धरलं. दोन थरांचा पडदा असेल तर तो ओल्या पॉलिथिनसारखा असतो, त्यातून बोटांचे ठसे दिसतात. हा तसा नव्हता. तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखा, धूसर, काही ठिकाणी फिकट तपकिरी डागांचा. ते डाग म्हणजे मधेच अडकून सुकलेल्या कोरिऑनच्या खुणा.

पण डोळ्यांचा विश्वास धरू नये. जुना, सुजलेला दोन थरी पडदाही कधी कधी दाट वाटतो. म्हणून सोलून पाहायचं. मी मोठीच्या बाजूनं ॲम्निऑन चिमट्यानं पकडला आणि ओढला. तो कांद्याच्या पातळ सालीसारखा सुटत गेला, वारेवरून पुढं, आणि तिच्या नाळेच्या बुडाशी जाऊन अडला. तिथं तो नाळेला चिकटलेलाच असतो. मग छोटीच्या बाजूनं तेच केलं. तोही सुटला आणि तिच्या नाळेकडं, म्हणजे पडद्यात जिथं ती संपत होती तिथं, जाऊन अडला. दोन्ही ॲम्निऑन आपापल्या नाळेला बांधलेले. आता मधे काय राहिलं? दोन थरी भिंत असती तर इथं काहीच उरलं नसतं, नुसती गुळगुळीत, चकचकीत वार. आमच्याकडं मधे एक खरबरीत, जाडसर भिंत उभी राहिली. ती ओढली तर सुटेना. जास्त जोर लावला तेव्हा खालच्या वारेचा थर सोबत फाटून आला. ते कोरिऑन होतं, वारेचाच भाग, म्हणून ते वरवर सुटत नाही. चार थर. कोरिऑन दोघींचं आपापलं, म्हणजे डायकोरिऑनिक.

सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे सोनोग्राफीचा कागद खोटा?" खोटा नव्हता, उशिराचा होता. प्रकार सांगायची खरी वेळ अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांची. त्या काळात दोन वारा असतील तर पडदा वारेला मिळतो तिथं कोरिऑनचा एक जाड पाचर मधे शिरलेला दिसतो. ग्रीक लॅम्डा अक्षरासारखा दिसतो म्हणून लॅम्डा चिन्ह. सामाईक वारेवर पातळ पडदा टी अक्षरासारखा काटकोनात उतरतो. दिवस वाढतात तसा तो पाचर विरळ होतो आणि सातव्या महिन्यात लॅम्डा दिसला नाही तर त्याचा अर्थ काहीच निघत नाही. दोन वारा भिडलेल्या असतील आणि पाचर विरला असेल तर अहवालात "वार एकच" असं येतं. त्या दिवशी ज्यांनी पाहिलं त्यांना दिसलं तेवढंच लिहिलं असेल, पण "एक" या शब्दापुढं निदान प्रश्नचिन्ह असायला हवं होतं. या घराचे दोन महिने त्या एका न लिहिलेल्या प्रश्नचिन्हाखाली गेले.

आणखी एक गोष्ट इथं वेगळी आहे. परदेशात एक मुलगा एक मुलगी दिसली की जुळं डायकोरिऑनिक हे लगेच ठरतं. आपल्याकडं 1994 च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळं लिंग सांगायचंच नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून आपल्याला पडद्यावरच जास्त अवलंबून राहावं लागतं. आमच्या बाबतीत दोघी मुलीच होत्या, म्हणजे हा मार्ग तसाही बंदच होता.

खात्रीसाठी एक प्रयोग केला. वारेवरच्या वाहिन्यांत रक्त हलक्या हातानं नाळेकडं पिळून काढलं. धमनी आणि शीर ओळखायची खूण सोपी आहे, पृष्ठभागावर धमनी शिरेच्या वरून जाते. मोठीच्या एका धमनीत, पडद्याच्या रेघेजवळ, बोथट सुईनं चहासाठी आणलेलं दूध सिरिंजनं हळू सोडलं. जोर लावायचा नाही, वाहिनी फुटते. 20 मिलीच्या सिरिंजमधलं निम्मं दूध तिच्याच फांद्यांत पसरलं आणि रेघेवर येऊन थांबलं. शिरेतूनही तसंच. सामाईक वार असती तर पांढरी धार रेघ ओलांडून दुसऱ्या बाजूला गेली असती. मागच्या वर्षी एका जुळ्यात ती जाताना मी पाहिली आहे. रेघ दिसत होती, पण दूध तिला विचारत नव्हतं. दोन्ही बाजूंच्या वाहिन्यांत थेट वाट होती. तसे जोड सामाईक वारेत जवळजवळ नेहमी असतात, भिडलेल्या दोन वारांत फार क्वचित. मात्र दूध गेलं नाही एवढ्यावरच निकाल देऊ नये. वार फाटलेली असेल, गुठळी अडकली असेल, तरी दूध अडतं. आमच्याकडं पडद्यानं आधीच सांगितलं होतं, दूध फक्त त्याला दुजोरा देत होतं.

मग छोटी बारीक का? दोघींच्या नाळेतलं रक्त तपासलं. मोठीचं हिमोग्लोबिन 17.1, छोटीचं 16.4. एवढा फरक जुळ्यात असतोच. रक्त एकीकडून दुसरीकडं हळूहळू झिरपत राहिलं असतं तर एक लालबुंद आणि एक पांढरीफटक दिसली असती, आणि फरक 8 ग्रॅमच्या वर गेला असता. तर कारण दुसरं होतं. छोटीच्या वाट्याला आलेला वारेचा भाग लहान होता, रेघ तिच्या बाजूला झुकलेली होती, नाळ बारीक, धमनी एक, वाहिन्या पडद्यात उघड्या. यांतलं नेमकं किती कशामुळं, हे वाटून सांगता येणार नाही. पण मोठीनं तिचं काही हिसकावून घेतलं नव्हतं.

हे आजींना सांगणं मला महत्त्वाचं वाटलं. कारण पहाटेच त्यांनी मोठीला दूध पाजताना म्हटलं होतं, "हिनं पोटातच खाल्लं आपल्या बहिणीचं." पोरगी जन्माला येऊन तीन तास झाले नव्हते.

आता आजींचा मूळ प्रश्न. डायकोरिऑनिक निघाली म्हणजे पोरी वेगवेगळ्या बीजांच्या, असं लगेच म्हणावंसं वाटतं. म्हणता येत नाही. एका बीजाचे दोन भाग पहिल्या तीन दिवसांत झाले असतील तर तिथंही चारच थर असतात, आणि एका बीजाच्या जुळ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश अशीच असतात. उलट बाजूनं मात्र पडदा स्पष्ट बोलतो. भिंत दोन थरी निघाली असती तर पोरी एकाच बीजाच्या, हे जवळजवळ पक्कं झालं असतं. म्हणजे हा पडदा एका दिशेनंच खात्री देतो. मुलगा आणि मुलगी असती तर प्रश्न सुटला असता. दोघींचे रक्तगट वेगळे निघाले असते तरी सुटला असता. दोघी निघाल्या बी पॉझिटिव्ह. आई बी पॉझिटिव्ह, बाप बी पॉझिटिव्ह. त्यातून काहीच कळलं नाही. डीएनए तपासणीनं कळेल, पण त्यासाठी पैसे खर्च करण्यात काही अर्थ नव्हता. बाळांच्या उपचारात त्यानं काही फरक पडत नव्हता.

मी आजींना सांगितलं, "आजी, जार दोन होत्या, चिकटून एक झाल्या. पोरी सारख्या असतील, नसतील बी. मोठ्या झाल्या की दिसंल."

"तुमी एवढा वेळ जार सोलत होत्या मंग कायले?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर त्यांना थोडक्यात दिलं: मोठीनं छोटीचं काही घेतलं नाही हे कळायला.

वारेचे तुकडे 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये मेडिकल कॉलेजला पाठवले. पडद्याची गुंडाळी करून एक, पडदा वारेला मिळतो तो टी आकाराचा तुकडा दुसरा, दोन्ही नाळांचे दोन. बारा दिवसांनी अहवाल आला. मधल्या भिंतीत दोन ॲम्निऑन आणि त्यांच्या मधे कोरिऑन, छोटीच्या नाळेत एक धमनी आणि एक शीर. मोठीच्या नाळेत वाहिन्यांशिवाय पेशींचा एक बारीक ठिपकाही दिसला होता, ॲलंटॉइसचा अवशेष. ही बाळाच्या मूत्राशयाशी जोडलेली आरंभीची नळी, जन्मापर्यंत तिचा मागमूस बहुधा सूक्ष्मदर्शकाखालीच उरतो. त्याला घाबरण्यासारखं काही नव्हतं.

छोटीला त्याच दिवशी दुपारी जिल्ह्याच्या एसएनसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष कक्षात, पाठवली होती. जाताना कागदावर ठळक लिहिलं: डायकोरिऑनिक, भिडलेली वार, नाळेत एक धमनी, वेलामेंटस नाळ, मूत्रपिंडाची आणि हृदयाची तपासणी करावी. तिच्या आईला कांगारू पद्धतीनं छातीशी धरायला शिकवलं गेलं. नवव्या दिवशी ती परत आली तेव्हा 1.76 किलो होती. मूत्रपिंडाची सोनोग्राफी ठीक निघाली, हृदयही ठीक.

पेंटाव्हॅलंट लसीच्या दुसऱ्या डोसाला आजी दोघींना घेऊन आल्या. छोटी आता 3.6 किलो, मोठी 4.4. दोघींच्या कानांची पाळी एकसारखी वाटत होती, पण त्या वयात सगळीच पोरं एकसारखी वाटतात. मी विचारलं, "काय आजी, सारख्या का वेगळ्या?" त्यांनी छोटीचा पाय वर उचलून दाखवला. घोट्यात काळा दोरा होता. रात्री लाइट गेली की कोण कोणती हे कळत नाही, म्हणाल्या, म्हणून एकीच्याच पायात बांधला.